दोन नंबरच्या कार्बनवरचा ऑक्सिजन

डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये फायझर-बायोएनटेकची कोविड लस टोचायला सुरुवात झाली, तेव्हा लसीइतकीच चर्चा झाली ती तिच्या फ्रीजरची. ही लस उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागत होती. त्यासाठी खास फ्रीजर हवे होते आणि वाहतुकीला कोरड्या बर्फाच्या पेट्या. महिनाभराने, १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड मात्र २ ते ८ अंशांवर खुशाल राहत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोवर-धनुर्वाताच्या लसी जिथे ठेवतात, त्याच कपाटात तिलाही जागा मिळाली.

दोन्ही लसींचं काम एकच होतं. करोना विषाणूच्या अंगावरचं काट्यासारखं प्रथिन कसं बनवायचं, याची कृती शरीरातल्या पेशींपर्यंत पोचवायची. फायझरने ती कृती आरएनएमध्ये लिहिली होती. कोव्हिशील्डमध्ये ती एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या डीएनएमध्ये होती. तापमानातल्या तफावतीची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. आरएनएभोवतीचे नाजूक मेदकण हे एक, डीएनएला मिळालेलं विषाणूचं टणक कवच हे दुसरं. पण आरएनएचा स्वतःचा जो कमकुवतपणा आहे, त्याचा माग काढत गेलं तर आपण एका ऑक्सिजनच्या अणूपाशी येऊन थांबतो. हा अणू आरएनएच्या साखरेत असतो, डीएनएच्या साखरेत नसतो.

डीएनए आणि आरएनए या दोन्ही लांबलचक साखळ्या आहेत आणि त्यांच्या प्रत्येक कडीला न्यूक्लिओटाइड म्हणतात. एका न्यूक्लिओटाइडचे तीन भाग असतात: एक साखर, एक फॉस्फेट आणि एक बेस. हे तीन भाग नेमके कोणत्या क्रमाने जोडलेले असतात हे शोधून काढण्याचं मोठं काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फीबस लेव्हिन यांनी केलं. आरएनएमधली साखर रायबोज आहे हे त्यांनी १९०९ मध्ये ओळखलं. डीएनएमधली साखर ओळखायला त्यांना आणखी वीस वर्षं लागली. १९२९ मध्ये ती डीऑक्सिरायबोज निघाली.

या साखरेकडे जरा जवळून पाहू. तिच्यात पाच कार्बन असतात. त्यांपैकी चार कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून पाच कोनांचं कडं तयार होतं आणि पाचवा कार्बन कड्याच्या बाहेर शेपटासारखा राहतो. रसायनशास्त्रज्ञांनी या कार्बनना एक ते पाच असे नंबर दिले आहेत आणि प्रत्येकाला आपापलं काम आहे. एक नंबरवर बेस बसतो. पाच नंबरवर फॉस्फेट असतं. ते फॉस्फेट शेजारच्या साखरेच्या तीन नंबरला पकडतं, त्या साखरेचा पाच नंबर पुढच्या फॉस्फेटला, आणि अशी साखर-फॉस्फेट, साखर-फॉस्फेट करत साखळी वाढत जाते. चार नंबर कडं पुरं करतो. उरला दोन नंबर. आरएनएमध्ये त्याच्यावर एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून झालेला हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएमध्ये त्याच जागी नुसता हायड्रोजन असतो. रायबोजचं रासायनिक सूत्र C₅H₁₀O₅ आणि डीऑक्सिरायबोजचं C₅H₁₀O₄. बाकी सारं तेच.

हा दोन नंबरचा कार्बन पुढे बराच उपद्व्याप करणार आहे. त्याआधी एक नंबरवर बसलेल्या बेसची गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण अनुवंशाची माहिती साखरेत नसून बेसच्या क्रमात असते.

बेस म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनची सपाट कडी. अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन या दोघांत दोन-दोन कडी चिकटलेली असतात, म्हणून ते आकाराने मोठे. सायटोसिन आणि थायमिन एकेका कड्याचे, म्हणजे लहान. आरएनएमध्ये थायमिनऐवजी युरॅसिल असतं, तेही लहानच. अभ्यासक त्यांना ए, जी, सी, टी आणि यू म्हणतात.

कोलंबिया विद्यापीठातले एर्विन चारगाफ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळ्या सजीवांचा डीएनए घेऊन त्यातले बेस मोजायला घेतले. प्रत्येक सजीवात प्रमाण वेगळं यायचं, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी निघाली. जितकं ए तितकंच टी, आणि जितकं जी तितकंच सी. माणसाच्या डीएनएमध्ये ए आणि टी प्रत्येकी सुमारे ३० टक्के असतात, जी आणि सी प्रत्येकी सुमारे २०. हे असं का, याचा उलगडा चारगाफना झाला नाही.

तो झाला केंब्रिजमध्ये, १९५३ च्या फेब्रुवारीत, आणि तोही एका चुकलेल्या चित्राची दुरुस्ती झाल्यावर. जेम्स वॉटसन तेव्हा एकाच जातीच्या दोन बेसची जोडी लावून पाहत होते. ए ला ए, जी ला जी. पाठ्यपुस्तकांत दिलेल्या आकृत्यांप्रमाणे ते जमतही होतं. त्यांच्याच खोलीत बसणारे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेरी डॉनह्यू यांनी त्या आकृत्यांवर बोट ठेवलं. ग्वानिन आणि थायमिनमधला एक हायड्रोजन पुस्तकांत ऑक्सिजनवर दाखवला आहे, तो प्रत्यक्षात शेजारच्या नायट्रोजनवर असतो, असं त्यांनी सांगितलं. हायड्रोजन इकडचा तिकडे झाला की कोण कोणाशी जुळेल याचं सारं गणितच फिरतं. धातूचे नमुने कार्यशाळेतून यायला वेळ होता, म्हणून वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे बेस कापले आणि २८ फेब्रुवारीच्या सकाळी टेबलावर सरकवून पाहिले. ए आणि टी यांची जोडी अगदी जी आणि सी यांच्या जोडीच्या मापाची झाली.

डॉनह्यूंनी दाखवलेला एक हायड्रोजन इतका महत्त्वाचा का ठरला, हे कळायला हायड्रोजन बंध म्हणजे काय ते पाहावं लागतं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे अणू इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतात. त्यामुळे नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन किंचित धन भाराचा होतो. समोर मोकळ्या इलेक्ट्रॉनांची जोडी बाळगणारा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन आला की हा हायड्रोजन त्याच्याकडे ओढला जातो. एक बाजू हायड्रोजन देणारी, दुसरी घेणारी. देणाऱ्यासमोर देणारा आला किंवा घेणाऱ्यासमोर घेणारा आला तर बंध होत नाही, उलट ते एकमेकांना दूर लोटतात.

आता जोड्या लावून पाहा. ए च्या टी कडे वळलेल्या कडेवर आधी देणारी जागा आहे आणि तिच्या शेजारी घेणारी. टी च्या कडेवर बरोबर उलट, आधी घेणारी आणि मग देणारी. समोरासमोर आले की दोन बंध जुळतात. जी च्या कडेवर क्रम आहे घेणारी, देणारी, देणारी. सी चा क्रम आहे देणारी, घेणारी, घेणारी. इथे तीन बंध होतात. ए ला सी समोर आणून ठेवलं तर पहिल्याच जागी देणाऱ्यापुढे देणारा येतो. जी समोर टी आणलं तर घेणाऱ्यापुढे घेणारा. आकाराने या जोड्यांतही एक मोठा आणि एक लहान बेस आहे, पण देण्याघेण्याचा हिशेब जमत नाही.

मापाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा. मोठा आणि लहान अशी प्रत्येक जोडी असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या साखरांमधलं अंतर सगळीकडे सारखं, सुमारे १.१ नॅनोमीटर राहतं. ए-टी असो की टी-ए, जी-सी असो की सी-जी, शिडीची पायरी तेवढ्याच रुंदीची. म्हणून बेसचा क्रम कसाही असला तरी दुहेरी गोफाच्या कडा फुगत नाहीत की चेपत नाहीत. चारगाफ यांचं कोडंही इथेच सुटलं. प्रत्येक ए समोर टी असेल तर दोघांची संख्या सारखीच भरणार.

गंमत अशी की एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मधल्या प्रसिद्ध लेखातून पुढे आलेल्या आराखड्यात जी-सी जोडीला दोनच बंध धरले होते. तिसरा बंध पक्का केला तो १९५६ मध्ये लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी.

एकटा हायड्रोजन बंध तसा दुबळा असतो. दोन कार्बनमधल्या पक्क्या बंधाच्या तुलनेत त्याची ताकद विसाव्या भागाच्या आसपास. गोधडीचा एकेक टाका नखाने उसवता येतो, पण हजारो टाक्यांनी शिवलेली गोधडी ओढून फाटत नाही, तसं इथे होतं. शिवाय सगळा जोर टाक्यांचाच असतो असंही नाही. पेशीत चहूकडे पाणी असतं आणि मोकळे बेस पाण्याशीही हायड्रोजन बंध करू शकतात. म्हणजे जोडी जमल्याने बंधांच्या हिशेबात निव्वळ फायदा थोडाच. गोफ घट्ट धरून ठेवण्याचं बरंचसं काम एकावर एक रचलेल्या सपाट बेसमधल्या आकर्षणामुळे होतं. हायड्रोजन बंधांचं मुख्य काम निवड करण्याचं आहे. समोर कोण चालेल आणि कोण नाही, हे ते ठरवतात.

ही निवड आणि तिचा दुबळेपणा या दोन्हींचा रोजचा उपयोग म्हणजे पीसीआर तपासणी. यंत्रात नमुना सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवतात. त्या उष्णतेत बेसमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि गोफाचे दोन धागे वेगळे होतात. साखर-फॉस्फेटचा कणा मात्र शाबूत राहतो, कारण तो पक्क्या बंधांनी बांधलेला आहे. मग तापमान खाली आणून प्रायमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे आपली जोडीची जागा शोधून चिकटतील असं पाहतात. कोणत्या तापमानाला आणायचं, याचा एक ढोबळ हिशेब प्रयोगशाळेत तोंडपाठ असतो. प्रायमरमधल्या प्रत्येक ए किंवा टी मागे २ अंश धरायचे, प्रत्येक जी किंवा सी मागे ४.

समजा २० बेसचा प्रायमर आहे आणि त्यात ए-टी १० आहेत, जी-सी १०. पहिल्यांचे २० अंश, दुसऱ्यांचे ४०, एकूण ६०. या तापमानाला साधारण निम्मे प्रायमर सुटलेले आणि निम्मे चिकटलेले असतील, असा अंदाज. म्हणून यंत्र त्याच्या पाचएक अंश खाली, ५५ वर लावतात. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या प्रायमरमध्ये ए-टी १५ आणि जी-सी ५ असतील तर बेरीज ५० वरच येते. त्याला ५५ अंशांवर वापरलं तर तो नीट चिकटणारच नाही आणि नमुन्यात विषाणू असूनही संकेत क्षीण येईल. उलट तापमान फारच खाली ठेवलं तर दोन-चार बेस न जुळणाऱ्या भलत्या जागीही प्रायमर चिकटतो आणि नको तो तुकडा वाढत जातो. मग जेलवर अपेक्षित एका पट्टीऐवजी दोन-तीन पट्ट्या दिसतात. हा हिशेब छोट्या तुकड्यांपुरताच चालतो. लांब डीएनएसाठी क्षारांचं प्रमाण आणि बेसची रचणी धरून जास्त बारकाईने आकडेमोड करावी लागते.

बेसची जुळणी डीएनएत आणि आरएनएत एकाच नियमाने होते. यू ची देण्याघेण्याची कड टी सारखीच असते. फरक पडतो तो साखरेमुळे. वॉटसन आणि क्रिक यांनाही हे दिसलं होतं. १९५३ च्या त्याच लेखात त्यांनी एक वाक्य लिहून ठेवलं आहे. त्याचा आशय असा की डीऑक्सिरायबोजच्या जागी रायबोज घालून ही रचना उभी करणं बहुधा अशक्य आहे, कारण जास्तीचा ऑक्सिजन शेजारच्या अणूंच्या फार जवळ येईल.

तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, अलेक्झांडर रिच आणि डेव्हिड डेव्हिस यांनी नुसत्या ए चा एक आरएनए धागा आणि नुसत्या यू चा दुसरा असे पाण्यात एकत्र केले आणि त्यांचा दुहेरी गोफ तयार झाला. मग वॉटसन-क्रिक चुकले का? आरएनएचा गोफ होतो, पण तो त्यांनी मांडलेल्या आकाराचा होत नाही. दोन नंबरवरचा ऑक्सिजन साखरेच्या कड्याला वेगळ्या बाजूने मुडपायला लावतो. त्यामुळे शेजारशेजारच्या फॉस्फेटमधलं अंतर कमी होतं, गोफ आखूड आणि जाडसर होतो, पायऱ्या तिरक्या बसतात आणि मधोमध पोकळी राहते. डीएनएच्या गोफात एका वेढ्याला साधारण साडेदहा जोड्या असतात, आरएनएच्या गोफात ११. ऑक्सिजन जवळ येण्याचा त्यांचा आक्षेप डीएनएच्या आकाराबाबत खराच ठरला.

आकार बदलणं ही या अणूची एक करामत. दुसरी जास्त गंभीर आहे. तो स्वतःचीच साखळी तोडू शकतो.

साखळी कुठे जोडलेली आहे ते आठवा. तीन नंबरच्या कार्बनवर पुढचं फॉस्फेट आहे आणि दोन नंबर त्याला अगदी लागून आहे. म्हणजे हायड्रॉक्सिल गट त्या फॉस्फेटपासून हाताच्या अंतरावर बसलेला आहे. आसपासचं द्रावण आम्लारीधर्मी झालं की या हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन निघून जातो आणि मागे ऋण भाराचा ऑक्सिजन उरतो. हा ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फरसवर हल्ला करतो. दोघांमध्ये नवा बंध होतो, आणि त्याच वेळी फॉस्फरसचा पुढच्या साखरेच्या पाच नंबरशी असलेला बंध तुटतो. साखळीचे दोन तुकडे होतात. तुटलेल्या टोकाशी फॉस्फेट दोन आणि तीन अशा दोन्ही नंबरना धरून एक छोटं कडं करून बसतं. नंतर पाण्यामुळे ते कडंही फुटतं आणि फॉस्फेट कधी दोन नंबरवर राहतं, कधी तीनवर. तुकडे पाहिले की त्यांत दोन्ही प्रकार सापडतात, आणि साखळी आतूनच तुटली याची ती खूण असते.

डीएनएमध्ये दोन नंबरवर नुसता हायड्रोजन असल्यामुळे हल्ला करायला कोणी नसतं. या फरकाचा उपयोग श्मिट आणि थानहाउसर यांनी १९४५ मध्ये एका साध्या पद्धतीत केला. पेशींमधून काढलेलं मिश्रण सौम्य आम्लारीत शरीराच्या तापमानाला रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत आरएनएचं रूपांतर सुट्या न्यूक्लिओटाइडांत झालेलं असतं. डीएनएचे धागे एकमेकांपासून सुटतात, पण प्रत्येक धागा अखंड राहतो. मग आम्ल घातलं की लांब धाग्यांचा साका खाली बसतो, सुटी न्यूक्लिओटाइडं वर पाण्यात राहतात, आणि दोन्ही वेगवेगळे मोजता येतात.

आम्लारी नसली तरी हे तुटणं थांबत नाही, मंदावतं इतकंच. कोमट पाण्यात, त्यातही मॅग्नेशियमसारखे आयन असतील तर, आरएनए हळूहळू तुटत राहतो. भरीला रायबोन्यूक्लिएज नावाची विकरं असतात. ती माणसाच्या त्वचेवर, घामात, लाळेत सगळीकडे असतात आणि बरीचशी त्याच दोन नंबरच्या ऑक्सिजनला चिथावून साखळी तोडतात. गाईच्या स्वादुपिंडातून मिळणारं रायबोन्यूक्लिएज ए तर उकळत्या पाण्यातूनही तगून निघतं. म्हणून आरएनएवर काम करणारे हातमोजे वारंवार बदलतात आणि नळ्या-पाणी वेगळं राखून ठेवतात. नमुना बिघडला की नाही हे जेलवर दिसतं. पेशींतल्या शाबूत आरएनएच्या दोन ठळक पट्ट्या उमटतात, दोन्ही रायबोसोमच्या आरएनएच्या, आणि वरची पट्टी खालचीच्या साधारण दुप्पट गडद असते. वरची फिकट झाली आणि दोघींच्या खाली धुरकट ओघळ पसरला, की आरएनए तुटू लागला असं समजायचं.

लसीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. करोनाच्या काट्याच्या प्रथिनात १,२७३ अमिनो आम्लं असतात. प्रत्येकासाठी तीन बेस, म्हणजे नुसत्या कृतीसाठीच ३,८१९ बेसची साखळी लागते, शिवाय दोन्ही टोकांना जास्तीचे बेस. चार हजारांहून अधिक जोडांपैकी मध्ये कुठेही एक जोड तुटला तरी पेशीला पूर्ण प्रथिन बनवता येत नाही. कडाक्याच्या थंडीत अणूंची हालचाल मंदावते आणि हल्ले कमी होतात. दुसरा मार्ग पाणीच काढून टाकण्याचा. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने तो धरला. तिच्या जेमकोव्हॅक-१९ या आरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ही लस गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात असल्याने २ ते ८ अंशांवर ठेवता येते आणि टोचण्याआधी द्रवात मिसळली जाते.

मग पेशी आरएनए वापरतेच कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पेशीतला निरोप्या आरएनए बहुतेक वेळा काही मिनिटं ते काही तास टिकावा एवढीच अपेक्षा असते. एखाद्या प्रथिनाची गरज संपली की त्याचा निरोपही संपायला हवा. शिवाय तो जास्तीचा हायड्रॉक्सिल गट स्वतःही हायड्रोजन बंध करू शकतो. त्यामुळे आरएनएचा एकेरी धागा स्वतःभोवती वळून गुंतागुंतीचे आकार घेतो आणि रायबोसोममध्ये तर अमिनो आम्लं जोडण्याचं कामही आरएनएच करतो.

ऑक्सिजन काढून टाकल्याने डीएनए सगळ्याच बाजूंनी बळकट झाला, असं मात्र झालं नाही. दोन नंबरवरचा ऑक्सिजन गेला की शेजारच्या एक नंबरवर बसलेल्या बेसची पकड सैल होते. आम्लात तर ए आणि जी हे मोठे बेस डीएनएवरून आरएनएपेक्षा कितीतरी लवकर गळून पडतात. टोमास लिंडाल यांनी मोजणी करून दाखवलं की माणसाच्या प्रत्येक पेशीत दिवसाला हजारो बेस असे आपोआप गळतात. त्या दुरुस्त्या करणारी विकरं पेशीत सतत फिरत असतात, आणि हे काम उलगडल्याबद्दल लिंडाल यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. डीएनएत यू ऐवजी टी असण्याचं कारणही या दुरुस्तीशी जोडलेलं आहे. सी कधीकधी आपोआप बिघडून यू होतं. डीएनएत यू मुळातच नसेल तर दिसलेलं प्रत्येक यू हे बिघाड म्हणून उचलता येतं.

एवढं महत्त्वाचं डीऑक्सिरायबोज पेशी मिळवते कुठून? ते वेगळं बनवण्याची सोय तिच्याकडे नाही. आधी रायबोजचं न्यूक्लिओटाइड तयार होतं आणि मग रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज नावाचं विकर त्याच्या दोन नंबरवरचा ऑक्सिजन काढतं. हे काम रसायनाच्या दृष्टीने अवघड असतं. माणसाच्या पेशीतल्या विकरात लोहाच्या दोन अणूंशेजारी एका टायरोसिनवर एक एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन जपून ठेवलेला असतो. त्याच्या जोरावर विकर साखरेच्या तीन नंबरवरचा हायड्रोजन तात्पुरता उचलतं, तेवढ्यात दोन नंबरवरचा हायड्रॉक्सिल पाणी होऊन निघून जातो, त्या जागी हायड्रोजन बसतो, आणि उचललेला हायड्रोजन परत ठेवला जातो. डीएनएची प्रत्येक कडी या एका दारातून येते. आरएनए आधी आला आणि डीएनए नंतर, असं मानणारे अभ्यासक याच क्रमाकडे बोट दाखवतात.

हे दार अर्धवट मिटणारं एक औषध विदर्भात आणि नंदुरबारच्या भागात अनेक घरांत रोज घेतलं जातं. त्याचं नाव हायड्रॉक्सियुरिया. ते सिकलसेलच्या रुग्णांना देतात. सिकलसेल हा आजार होतो तो हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका जोडीमुळे. जीएजी या तीन बेसच्या जागी जीटीजी येतं, म्हणजे ए-टी अशी पायरी टी-ए अशी उलटी बसते. नव्या जोडीतही हायड्रोजन बंध दोनच आणि रुंदीही तेवढीच, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या विकरांना तिथे खटकण्यासारखं काही सापडत नाही. प्रथिनात मात्र ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात.

हायड्रॉक्सियुरिया त्या टायरोसिनवरचा एकटा इलेक्ट्रॉन विझवतं. डीएनएच्या कड्यांचा पुरवठा घटतो आणि रक्त बनवणाऱ्या मज्जेतल्या पेशींची वाढ मंदावते. या औषधाने बहुतेक रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं, ते विळ्याचा आकार होऊ देत नाही आणि असह्य वेदनेचे झटके कमी येतात. पण पुरवठा घटल्याचा फटका मज्जेतल्या इतर पेशींनाही बसतो. म्हणून हे औषध घेणाऱ्यांचं रक्त ठरावीक काळाने तपासावं लागतं, आणि पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार खाली गेल्या तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवून, आकडे वर आल्यावर, कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात.